संहितेवरून स्टोरीबोर्ड करताना या चुका टाळा

विदर्भातील खेड्यांमध्ये मोबाईलवर लघुपट करणाऱ्या मंडळींची संहिता बहुधा नेटकी असते, परंतु तिचा स्टोरीबोर्ड, म्हणजे शॉटनुसार चित्रांच्या चौकटींचा आराखडा, करताना तिचे एक वाक्य म्हणजे एक चित्र असा सरळ हिशेब धरला जातो आणि पुढच्या बहुतेक अडचणी तेथूनच सुरू होतात. उदाहरणासाठी कापूस खरेदी केंद्रावरचा एक छोटा प्रसंग घेऊ. संहितेत एवढेच लिहिले आहे: "जिनिंगच्या आवारात बंड्यांची रांग आहे. ग्रेडर गणपतच्या कापसात ओलावा मोजायचे यंत्र खुपसतो. आकडा पाहून मान हलवतो. गणपत क्षणभर गप्प राहतो." त्यानंतर दोन संवाद आहेत. ग्रेडर म्हणतो, "साडेतेरा. बाराच्या वर घेता येत नाही." गणपत म्हणतो, "घरात ठेवला व्हता जी, ओला कसा असन?"

वाक्यागणिक चित्र काढले तर तिसऱ्या वाक्यासाठी केवळ मान हलवणारा ग्रेडर मिळतो आणि यंत्रावरचा आकडा प्रेक्षकाला कधीच दिसत नाही. वास्तविक या वाक्यात दोन शॉट दडलेले आहेत: यंत्राच्या पडद्याचा इन्सर्ट, म्हणजे केवळ आकडा दाखवणारा जवळचा शॉट, आणि त्यानंतर ग्रेडरचा मिड क्लोजअप. संहिता वाचताना प्रत्येक ठिकाणी प्रेक्षकाला आता नवे काय कळायला हवे हे विचारावे आणि उत्तर बदलेल तेथेच नवी चौकट सुरू करावी. (चौकटीसाठी गणिताच्या वहीतील 16 घरे रुंद आणि 9 घरे उंच असा आयत आखला की मोबाईलवरच्या आडव्या व्हिडिओचे नेहमीचे प्रमाण आपोआप साधते.)

दुसरी चूक कॅमेऱ्याच्या कोनाची आहे आणि ती अधिक फसवी आहे. ग्रेडरच्या हाती अधिकार आहे, म्हणून त्याला लो अँगलने, म्हणजे खालून, आणि गणपतला हाय अँगलने, म्हणजे वरून, दाखवावे, असे बोर्डवर लिहून टाकले जाते. मात्र गणपत बंडीत, कापसावर उभा असेल, तर ग्रेडर खालून वर पाहतो आणि गणपत वरून खाली. ग्रेडरच्या खांद्यावरून घेतलेल्या शॉटमध्ये असहाय गणपतच थोराड दिसतो आणि लिहिलेला कोन प्रत्यक्ष जागेवर मिळतच नाही. येथे कोन बदलून भागत नाही, पात्राची जागा बदलावी लागते: गणपत बैलांचा कासरा धरून जमिनीवर उभा राहिला की दोघांच्या नजरा एका पातळीवर येतात. तेवढे झाल्यावर साधा आय लेव्हल पुरतो, कारण अडवणूक आकड्यातून दिसतच असते. म्हणून कोन लिहिण्याआधी चौकटीच्या बाजूला वरून पाहिल्यासारखा छोटा नकाशा काढून कोण कोठे उभा आहे ते नोंदवावे. त्याच नकाशावर दोघांना जोडणारी रेषा आखून कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवला, तर एका शॉटमध्ये उजवीकडे पाहणारा गणपत पुढच्या शॉटमध्ये अकारण डावीकडे पाहताना दिसत नाही.

तिसरी चूक वेळेची. संहितेचे एक पान म्हणजे एक मिनिट हा ठोकताळा ठरावीक मांडणीत टंकलेल्या संहितेसाठी आहे. हाताने लिहिलेल्या वहीला तो लागू पडत नाही. आपल्या प्रसंगाचे गणित असे होते: रांगेचा लाँग शॉट, ऑफिसच्या गच्चीवरून हाय अँगल, 5 सेकंद, ग्रेडर आणि गणपत यांचा मिड टू शॉट, यंत्र खुपसण्याची कृती, 4 सेकंद, आकड्याचा इन्सर्ट 2 सेकंद, कारण त्याहून कमी वेळात आकडा वाचून समजून घेणे अवघड जाते, ग्रेडरची मान आणि त्याचा संवाद 4 सेकंद, गणपतचा क्लोजअप, 3 सेकंद शांतता आणि 3 सेकंद संवाद. एकूण 21 सेकंद होतात. शांततेचे सेकंद लिहायचे हमखास राहतात आणि संकलनात तीच आधी कापली जाते, त्यामुळे ती संवादाच्या वेळेत न मिसळता वेगळ्या ओळीत नोंदवावी. संवादाची वेळ मनात वाचून काढू नये. ज्याला तो म्हणायचा आहे त्याच्याकडून, त्याच्या वऱ्हाडी लयीत, स्टॉपवॉच लावून म्हणवून घ्यावा.

हे सर्व जुळते का, याची तपासणी चित्रीकरणाआधीच करता येते. चौकटींचे मोबाईलवर फोटो काढावेत, संकलनाच्या ॲपमध्ये प्रत्येक फोटो लिहिलेल्या सेकंदांइतका ठेवावा आणि खाली संवादाचा आवाज जोडावा. संहिता न वाचलेल्या माणसाला हे आधी आवाज बंद करून दाखवावे. कापूस का नाकारला हे त्याला उमगले नाही, तर दोष बहुधा इन्सर्टच्या वेळेत किंवा क्रमात असतो. कोण कोणाशी बोलतो याचा गोंधळ झाला, तर रेषा ओलांडली गेली आहे का ते पाहावे.

बोर्डवरचे सेकंद अंतिम संकलनातले असतात, कॅमेरा चालू ठेवण्याचे नव्हेत. रांगेच्या शॉटपुढे 5 सेकंद लिहिले असले, तरी बैल सांगितल्या क्षणी पाऊल उचलत नाहीत, तेव्हा त्या ओळीपुढे "चित्रीकरण किमान 30 सेकंद" अशी वेगळी नोंद करून ठेवावी.