चवळी लावली म्हणून जमीन आपोआप सुधारत नाही: या चुका टाळा

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे कडधान्याला उभ्या पिकात युरिया देणे. पान जरा फिकट दिसलं की लोकांना धीर धरवत नाही.

आमच्या शेजारच्या अण्णांचं रान सततच्या उसाने थकलं होतं. खोडवा मोडून त्यांनी चवळी टोकली आणि विसाव्या दिवशी एकरी अख्खी गोणी युरिया फेकला. वेल हिरवागार, पण शेंगा बेताच्या. कृषी महाविद्यालयात शिकणारी मुलगी सुट्टीला आली होती. अण्णांनी एक झाड उपटून दाखवलं, "बघ, मुळांवर गाठी नाहीतच."

"अण्णा, उपटलंत म्हणून त्या मातीत तुटून राहिल्या," म्हणत तिने कुदळीने मातीच्या ढेकळासकट झाड काढलं आणि बादलीत धुतलं. गाठी मोजक्याच, नखाने फोडल्या तर आतून पांढऱ्या. मग बांधाकडच्या पट्ट्यातलं झाड काढलं. तिथे गोणी संपल्याने युरिया पडला नव्हता. मुळं गाठींनी लगडलेली, आतून लालसर गुलाबी.

"हा रंग असेल तरच गाठीतले जिवाणू हवेतला नत्र धरतात. त्यासाठी झाड त्यांना साखर पुरवतं. नत्र मातीत आयता मिळाला की कशाला पोसेल?"

अण्णा म्हणाले, "म्हणजे मी पैसे देऊन काम बंद पाडलं?"

पेरताना एकरी आठ किलोच्या आसपास नत्र, म्हणजे साधारण सतरा किलो युरिया, चालतो. गाठी धरेपर्यंत रोपाला तेवढा आधार पुरतो. पुढे मी काहीच देत नाही. पस्तिसाव्या दिवसानंतर चार ठिकाणी झाडं खणून गाठी फोडून बघतो, पानाच्या रंगावर जात नाही. बोटाने सहज सुटते ती गाठ कामाची. मूळच फुगलेलं असेल तर तो सूत्रकृमी.

दुसरी चूक काढणीची. अण्णा वेल मुळासकट उपटून गोठ्यात नेणार होते. मुलीने अडवलं. बराचसा नत्र शेंगांतून बाजारात जातो, उरलेला पाल्यात आणि मुळांत असतो. तोही उचलला तर उसाला काय राहणार? शेवटचा तोडा झाल्यावर हिरवा वेल रोटाव्हेटरने गाडायचं ठरलं. गुरांना वैरण हवीच असेल तर विळ्याने कापा, मुळं रानात राहू द्या. आणि पुढच्या उसाचा युरिया लगेच निम्मा करू नका. एका चवळीने एवढा हिशेब बसत नाही.

जिवाणू खताच्या चुका थोडक्यात. सोयाबीनचं पाकीट हरभऱ्याला चालत नाही, दोघांचे जिवाणू वेगळे. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम जिवाणू खत गुळाच्या पाण्यातून चोळा, सावलीत सुकवा, लगेच पेरा. बुरशीनाशक आधी, जिवाणू सगळ्यात शेवटी. आणि दुकानदाराने उन्हात ठेवलेलं पाकीट फुकट दिलं तरी घेऊ नका.