लॅपटॉपवर फोनचे मेसेज आणि फोटो येत नाहीत? या चुका टाळा

विंडोजच्या लॅपटॉपवर Phone Link आणि अँड्रॉइड फोनवर Link to Windows, फोनचे मेसेज आणि फोटो लॅपटॉपवर दाखवणारी ही ॲप्सची जोडी QR कोड स्कॅन करून दोन मिनिटांत जुळते. तक्रारी सुरू होतात त्या दुसऱ्या दिवशी.

सगळ्यात जास्त त्रास देते ती फोनची बॅटरी बचत. शाओमी, विवो, ओप्पो, रिअलमी असे फोन मागे चालणारी ॲप्स गुपचूप बंद करतात. मग सकाळी काढलेला फोटो दुपारपर्यंत लॅपटॉपवर येत नाही. खात्री करायची असेल तर फोनवर Link to Windows उघडा. उघडताच फोटो धडाधड आले, तर दोष बॅटरी बचतीचाच. त्या ॲपच्या माहितीत जाऊन बॅटरी ‘अनिर्बंध’ करा आणि ऑटोस्टार्टची सोय असेल तर तीही चालू करा. नावं प्रत्येक कंपनीची वेगळी, त्यामुळे थोडं शोधावं लागेल.

ॲप उघडूनही नवे फोटो येत नसतील, तर परवानगी तपासा. अँड्रॉइड १४ पासून फोटोंची परवानगी देताना ‘निवडक फोटो’ असाही पर्याय येतो. घाईत तो दाबला, की त्या वेळी निवडलेले फोटोच लॅपटॉपला दिसतात. आजचा फोटो त्यात नसणारच. परवानगी बदलून ‘सर्व’ करा.

आता समजा, क्लास घेणाऱ्या ताईंना मुलांनी व्हॉट्सॲपवर वहीच्या पानांचे फोटो पाठवले. परवानगी पूर्ण, बॅटरी अनिर्बंध, तरी लॅपटॉपवर काही नाही. इथे बिघाड काहीच नाही. Phone Link कॅमेऱ्याचे आणि स्क्रीनशॉटचे अलीकडचे फोटोच दाखवतं, जास्तीत जास्त २०००. व्हॉट्सॲपचं फोल्डर त्यात येत नाही. ताईंनी लॅपटॉपवर सरळ व्हॉट्सॲप वेब उघडावं.

मेसेजचा घोळ जरा वेगळा आहे. एसएमएस दिसतात, पण एखाद्याशी चाललेला संवाद अर्धवटच दिसतो. बहुतेकदा कारण असतं RCS. गूगल मेसेजेसमध्ये टाइप करायच्या चौकटीत ‘RCS’ लिहिलेलं दिसलं, तर तो संवाद एसएमएस नाही, इंटरनेटवरून जातोय. Phone Link ला RCS फक्त काही सॅमसंग फोनांवर जमतं. अशा वेळी RCS बंद करण्यापेक्षा messages.google.com/web उघडून, फोनच्या मेसेजेस ॲपमधून तिथे जोडणी करणं बरं. तिथे RCS आणि एसएमएस दोन्ही दिसतात.

Phone Link मधून दिलेलं एसएमएसचं उत्तर तुमच्याच सिममधून जातं आणि रिचार्जमधल्या एसएमएसमध्ये मोजलं जातं, हेही ध्यानात असू द्या. महिन्याभरापूर्वीचा मेसेज तिथे शोधत बसू नका. तो फोनवरच सापडेल.

आयफोनवाल्यांनी फोटोंची अपेक्षाच ठेवू नये. ब्लूटूथवरून साधे मेसेज येतात, पण फोटो गॅलरी नाही, ग्रुपला उत्तरही नाही.