परदेशी शिष्यवृत्तीचा अर्ज: कामाच्या परिचयात या चुका टाळा

माझा भाचा बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत 3 वर्षं काम करतो. ब्रिटनमधल्या मास्टर्ससाठी शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना त्यानं स्वतःच्या कामाचा पाच ओळींचा परिचय लिहिला आणि मला दाखवला. 'मेहनती, जिद्दी अभियंता. क्वालिटी विभागात 3 वर्षांचा अनुभव. नामांकित विद्यापीठात मटेरियल्स शिकून देशासाठी काहीतरी करण्याची इच्छा.'

मी 'मटेरियल्स' खोडून 'मार्केटिंग' लिहिलं. वाक्य तसंच चाललं! विषय बदलूनही परिचय चालत असेल, तर काम आणि शिक्षण यांचा सांधाच त्यात नाही.

"रोज नेमकं काय करतोस रे?"

"काय सांगू मामा, वाळू तपासतो की."

खरा मजकूर इथं होता. पावसाळ्यात साच्याच्या वाळूचा ओलावा वाढतो, धातूचा तापलेला रस ओतला की वाफ होते आणि कास्टिंगमध्ये पोकळ्या राहतात. पूर्वी ओलावा पाळीत एकदाच मोजायचे, यानं दर दोन तासांनी मोजायला लावलं. त्याच्या लाइनवर शंभरातले नऊ नग बाद व्हायचे, ते पाचावर आले. पण वारंवार तापून वाळूतल्या बेंटोनाइट या चिकणमातीची चिकटण्याची ताकद जाते. तसली वाळू फेकून न देता पुन्हा कशी वापरायची, इथं त्याचं घोडं अडलं होतं.

नवा परिचय असा झाला: 'मी फाउंड्रीत वाळूची तपासणी करतो. ओलावा मोजण्याची वेळ बदलून माझ्या लाइनवरचे बाद नग शंभरात नऊवरून पाचावर आणले. मेलेली वाळू पुन्हा वापरात आणण्याची पद्धत मला अवगत नाही. ती शिकण्यासाठी हा अभ्यासक्रम हवा, आणि परत येऊन बेळगावच्या लहान फाउंड्रींत ती वापरायची आहे.' यातल्या 'अवगत नाही' वर तो बराच वेळ अडून बसला. कमीपणा वाटतो म्हणे. पण तेच वाक्य काढलं, तर परदेशी जायचं कारण काय उरतं?

दुसरी चूक आपल्या वळणाची. 'आम्ही केलं', 'कंपनीनं केलं' असं लिहायचं, कारण 'मी' लिहिलं की फुशारकी वाटते. निवड माणसाची होते, कंपनीची नव्हे. जेवढं स्वतः केलं तेवढ्यापुरतं 'मी' लिहा.

तारखा महिन्यासकट द्या आणि त्या अनुभवाच्या पत्राशी जुळवून घ्या. ब्रिटन सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला किमान 2,800 तासांचं काम लागतं, म्हणजे साधारण 2 वर्षं, त्यामुळे नुसतं '3 वर्षं' पुरत नाही. शिक्षणानंतर 2 वर्षं मायदेशी परतण्याची अटही तिथं आहे, म्हणून परतीचं वाक्य ठिकाण आणि काम सांगणारं हवं.

आणि एक खास आपल्याकडची भानगड. शहराचं नाव 1 नोव्हेंबर 2014 ला बदललं, म्हणून दहावीच्या जुन्या गुणपत्रिकेवर एक स्पेलिंग आणि कंपनीच्या पत्रावर दुसरं असतं. परक्याला ती दोन शहरं वाटतील. पहिल्या उल्लेखाला `Belagavi, formerly Belgaum` लिहा, पुढं नुसतं `Belagavi`.