सोलरले कडक ऊनच लागते का?

प्रश्न: मे महिन्यात ४५ डिग्री तापते, मंग पॅनल तवाच सगळ्यात जास्त करंट देत असन ना?

उत्तर: नाही भाऊ, पॅनलले उजेड पायजे, गरमी नाही. त्याच्यावर लिहिलेले वॅट पॅनल २५ डिग्रीवर असताना मोजलेले असतात आन् आपल्याकडं मे मधल्या दुपारी पॅनल स्वतः ६५च्या आसपास जाते, वरच्या दर डिग्रीमागं साधारण ०.३५ टक्के घट, म्हणजे ४० डिग्रीचे १४ टक्के गेले, ५४०चं पॅनल भर उन्हातही ४६५ वॅटवर येते. म्हणून टिनाले चिपकवून बसवू नका, खालून हवा खेळू द्या.

प्रश्न: मंग दुपारी थंडं पाणी मारलं तर?

उत्तर: अजिबात नाही, तापलेली काच तडकू शकते. धुवाचं तं सकाळीच.

प्रश्न: ढग आले की बंद?

उत्तर: कमी होते, बंद नाही.