पोस्टरमधला मजकूर उतरवताना या चुका टाळा: रंगीत चौकटी आणि वाचनाचा क्रम

माझ्या मावशीला आता जवळजवळ दिसत नाही. फोनमधला टॉकबॅक तिला सगळं वाचून दाखवतो, पण सोसायटीच्या ग्रुपवर येणारी पोस्टरं म्हणजे नुसती चित्रं. तिथे तो गप्प होतो. म्हणून चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या ओसीआरने आलेल्या पोस्टरमधला मजकूर काढून मी तिला पाठवते. गेल्या उन्हाळ्यात उष्माघाताचं एक पोस्टर असंच पाठवलं आणि तिचा फोन आला, "अगं, ताक, लिंबूपाणी आणि शिळं अन्न घ्या म्हणतायत. शिळं कशाला?"

पोस्टरमध्ये अर्थातच तसं नव्हतं. डावीकडे हिरव्या चौकटीत "हे करा", उजवीकडे लाल चौकटीत "हे टाळा". मी अख्खं चित्र एकदम ओसीआरला दिलं होतं आणि त्याने ते असं वाचलं:

```
हे करा हे टाळा
तहान नसली तरी दुपारी १२ ते ३
पाणी प्या उन्हात फिरणे
ताक, लिंबूपाणी, शिळे अन्न
```

एकही अक्षर चुकलेलं नाही, म्हणूनच ही चूक नजरेतून सुटते. शुद्धलेखन तपासलं तरी हाती काही लागत नाही. ओसीआरला रंगाचा अर्थ कळत नाही. ते मोकळी जागा शोधतं, आणि दोन चौकटींमधली फट शब्दांमधल्या अंतराएवढी अरुंद असेल तर दोन्ही बाजूंच्या ओळी जोडून टाकतं. पोस्टर बनवणारे तर फट अरुंदच ठेवतात, कारण दोन रंग शेजारी आले की डोळ्यांना ती पुरते.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक: अख्खं चित्र एकदम देणं

आधी चौकटी वेगळ्या करा, मग वाचा. फोनवर असाल तर गॅलरीतल्या क्रॉपने एकेक चौकट कापून प्रत्येक तुकडा गूगल लेन्सला वेगळा द्या. संगणकावर ओसीआर करणारं टेसरॅक्ट आणि चित्रं कापणारं, बदलणारं इमेजमॅजिक असेल तर काम आणखी नेमकं होतं.

माझं पोस्टर १०८० बाय १३५० पिक्सेलचं होतं. वरची २२० पिक्सेल उंचीची निळी पट्टी म्हणजे शीर्षक. त्याखाली ९०० पर्यंत हिरवी आणि लाल चौकट शेजारी शेजारी. मग ११७० पर्यंत लक्षणांचे तीन पिवळे चौकोन: डोकेदुखी, चक्कर, मळमळ. तळाला रुग्णवाहिकेचा क्रमांक. लाल चौकट मी अशी काढली:

```
magick poster.jpg -crop 530x680+550+220 +repage -resize 300% -colorspace Gray -negate tala.png
tesseract tala.png tala -l mar --psm 6
```

`530x680` हे तुकड्याचं माप, तर `+550+220` म्हणजे डावीकडून आणि वरून किती अंतर सोडायचं. गडद रंगावर पांढरी अक्षरं असतील तेव्हाच `-negate` घाला. त्याने काळ्यावर पांढरं होतं ते पांढऱ्यावर काळं होतं आणि टेसरॅक्टला तेच मानवतं. `--psm 6` म्हणजे "हा मजकुराचा एकच सलग ठोकळा आहे असं समज." कापलेल्या चौकटीला हे अगदी योग्य, अख्ख्या पोस्टरला हेच दिलं की दोन रकाने हमखास एकमेकांत मिसळतात. `--psm 3` रकाने स्वतः ओळखायचा प्रयत्न करतं, पण अरुंद फटीपाशी तेही फसतं.

आता क्रम. डावीकडून उजवीकडे, वरून खाली हा नियम चौकटीच्या आत चालतो, चौकटींमध्ये नेहमी चालत नाही. आधी बघा की आकडे किंवा बाण आहेत का. असतील तर त्यांचंच ऐका. नसतील तर मोठ्या अक्षरातलं शीर्षक आणि त्याच रंगावरचा सगळा मजकूर एकत्र ठेवा आणि तो पूर्ण संपल्याशिवाय शेजारच्या रंगात शिरू नका. माझ्या पोस्टरच्या मधोमध, दोन्ही चौकटींवर चढलेलं एक गोल होतं: "तापमान वाढले की". ते कोणत्याच रकान्याचं नव्हतं, दोन्हींना लागू होतं. म्हणून शीर्षकानंतर, दोन्ही चौकटींच्या आधी ते घेतलं. अशी गोलं चौकटीच्या तुकड्यात अर्धवट कापली जातात आणि अर्धे शब्द मध्येच घुसतात, तेव्हा ती वेगळी कापा आणि चौकटीच्या निकालातून ते अर्धे शब्द हाताने काढा.

दुसरी चूक: "टाळा" एकदाच लिहून मोकळं होणं

"दुपारी १२ ते ३ उन्हात फिरणे" या ओळीत नकार नाहीच. तो शीर्षकात आहे, लाल रंगात आहे आणि ओळीआधीच्या फुलीत आहे. ओसीआर ती फुली गाळतं किंवा तिचं भलतंच अक्षर करतं. ऐकणाऱ्या माणसाला चौथ्या ओळीपर्यंत शीर्षक लक्षात ठेवावं लागतं, आणि मध्ये फोन वाजला तर संपलंच. म्हणून उतरवताना मी प्रत्येक ओळ पूर्ण करते: "दुपारी १२ ते ३ उन्हात फिरू नका. चहा, कॉफी, मद्य घेऊ नका. शिळे अन्न खाऊ नका. मुलांना बंद गाडीत ठेवू नका." शब्द बदलले तरी पोस्टर जे सांगतं तेच पोहोचतं, आणि मला ते अक्षरशः नकल करण्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

तिसरी: रंग राखाडी झाल्यावर अक्षरं नाहीशी होणं

एखादी ओळ निकालात आलीच नाही तर तिचे रंग बघा. राखाडी करण्याच्या एका प्रचलित सूत्रात शुद्ध लाल रंगाची किंमत ७६ येते आणि गडद हिरव्याची ७५. डोळ्यांना ठसठशीत दिसणारी हिरव्यावरची लाल अक्षरं अशी पार्श्वभूमीत विरघळतात. अशा वेळी `-colorspace Gray` च्या जागी `-channel R -separate` वापरा. लाल थरात लाल अक्षरं पांढरी आणि हिरवं काळं होतं. मग `-negate` आहेच. ओळ राहिली हे कळण्यासाठी मूळ चित्रातले मुद्दे मोजा आणि निकालातले मोजा. चार असतील तर चारच यायला हवेत.

चित्र व्हॉट्सअॅपवरून फोटो म्हणून आलं असेल तर ते दाबलं गेलेलं असतं आणि मात्रा, अनुस्वार पुसट होतात. पाठवणाऱ्याला डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. `-resize` ने अक्षरं मोठी होतात, पण पुसलेला अनुस्वार परत येत नाही.

आकडे स्वतः वाचा

देवनागरी १ हा इंग्रजी 9 सारखा दिसतो. `-l mar+eng` दिलं तर "१०८" चं "908" होण्याचा धोका असतो, आणि वाक्य नसल्यामुळे चूक खटकतही नाही. तळाची पट्टी मी ओसीआरला देतच नाही. डोळ्यांनी बघून टाइप करते आणि मावशीसाठी आकडे सुटे लिहिते: १ ० ८. पोस्टरमध्ये हा क्रमांक शेवटी होता, तिला पाठवताना मात्र तो शीर्षकाच्या लगेच खाली ठेवला.