टेंटचा फोटो खोटा का वाटतो? डोंगराच्या धारेवरच्या ॲड शूटमधल्या या चुका टाळा

मागच्या डिसेंबरात एका आउटडोअर ब्रँडचं काम होतं. दोन माणसांचा डोम टेंट, साठ लिटरची सॅक, ट्रेकिंग पोल, आणि मागे गोव्यातल्या सत्तरी तालुक्याचे डोंगर, असा फोटो हवा होता. अडचण अशी झाली की टेंटचं सॅम्पल वेळेवर आलंच नाही, म्हणून आम्ही चोर्ला घाटाच्या वरच्या धारेवर पहाटे जाऊन नुसतं बॅकग्राउंड शूट करून आलो आणि टेंट चार दिवसांनी डिचोलीत एका अंगणात लावून वेगळा शूट केला, मग दोन्ही जोडले. रंग जुळले, कडा स्वच्छ निघाल्या, क्लायंटच्या मॅडमना पण आवडला. पण वाळपईचा आमचा एक ट्रेकर दादा आहे, त्याला दाखवला तर तो बघताक्षणी म्हणाला, "अगो, ह्या टेंटात मी उभा राहीन की!"

आणि तो बरोबर होता. दोन माणसांचा डोम टेंट साधारण 115 सेंटीमीटर उंच असतो, म्हणजे उभ्या माणसाच्या कंबरेच्या थोडा वर, छातीच्या खाली. आत बसता येतं, उभं राहता येत नाही. आमच्या फोटोतला टेंट हिशोब केल्यावर जवळजवळ 185 सेंटीमीटर निघाला. ज्याने एकदा तरी टेंटमध्ये रांगत शिरून रात्र काढलीय त्याच्या डोळ्याला हे लगेच खटकतं, आणि टेंट विकत घेणारा माणूस नेमका तोच असतो.

कॅमेऱ्याची उंची विसरणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती एडिटिंगला बसल्यावर नाही, शूटच्या वेळी होते. धारेवर माझा ट्रायपॉड 150 सेंटीमीटरवर होता. अंगणात मात्र टेंट भारदस्त दिसावा म्हणून मी खाली बसून 60 सेंटीमीटरवरून फोटो काढला. आता विचार करा, 60 वरून बघितलं तर टेंटचा वरचा अर्धा भाग आपल्या नजरेच्या वर जातो, आणि 150 वरून बघितलं तर अख्खा टेंट नजरेच्या खाली राहतो, त्याचं डोकं वरून थोडं दिसतं. मी खालून काढलेला टेंट वरून काढलेल्या धारेवर ठेवला, म्हणजे जमीन सांगते की बघणारा उभा आहे आणि टेंट सांगतो की बघणारा मान वर करून बघतोय. मग डोकं एकच अर्थ लावतं, की टेंट माणसापेक्षा उंच आहे.

हे पकडायची युक्ती सोपी आहे, लेन्सचा आकडा पण लागत नाही. कॅमेरा लेव्हलवर ठेवला असेल, म्हणजे वर-खाली झुकवला नसेल, आणि फोटो नंतर क्रॉप केला नसेल, तर नजरेची रेषा फोटोच्या बरोबर मध्यातून आडवी जाते. समोरच्या सपाट जमिनीवर उभी असलेली प्रत्येक वस्तू ही रेषा कॅमेऱ्याच्या उंचीवरच कापते, मग ती वस्तू जवळ असो नाहीतर लांब. म्हणजे 150 वर कॅमेरा असेल तर 170 च्या माणसाला ती रेषा हनुवटीच्या आसपास कापणार आणि 115 चा टेंट तिच्या खालीच संपणार. टेंटचं टोक रेषेच्या वर गेलं तर समजायचं की गडबड आहे.

आमचाच फोटो घ्या. फोटो 4000 पिक्सेल उंच, मध्यरेषा 2000 वर. टेंट जिथे ठेवायचा ती जागा मध्यरेषेपासून 730 पिक्सेल खाली होती. म्हणजे त्या जागी जमिनीपासून नजरेपर्यंतचे 150 सेंटीमीटर हे 730 पिक्सेलमध्ये बसतात, तर 115 सेंटीमीटर किती पिक्सेल? 730 गुणिले 115 भागिले 150, साधारण 560. मी टेंट ठेवला होता 900 पिक्सेलचा, का तर फ्रेम भरलेली दिसावी. एवढंच झालं होतं.

नुसता छोटा करून पण भागलं नाही हां, कारण तो खालून काढलेलाच होता, त्याचं डोकं वरून दिसायला हवं ते दिसतच नव्हतं. परत अंगणात गेलो, ट्रायपॉड 150 वर, तीच 35 ची लेन्स, आणि अंतर पण 12 मीटर, कारण धारेवर ती जागा तेवढीच लांब होती. अंतर जुळवणं गरजेचं आहे. चार मीटरवरून वाइडने काढलेला टेंट पुढच्या कोपऱ्यात फुगलेला दिसतो, आणि तो नंतर कितीही लहान केला तरी फुगीरपणा जात नाही.

एक मर्यादा सांगते. हा हिशोब सपाट जमिनीचा आहे, आणि डोंगराची धार सपाट नसते. टेंटची जागा कॅमेऱ्याच्या जागेपेक्षा अर्धा मीटर वर असेल तर टेंटचं टोक रेषेच्या वर जाणारच आणि ते बरोबरच आहे. आणि समोरच्या डोंगराचा माथा म्हणजे नजरेची रेषा नव्हे, ही गल्लत पण खूप जण करतात, धारेवरून लांबचे डोंगर वर पण दिसतात आणि खाली पण. म्हणून आता मी एक सवय लावलीय: बॅकग्राउंड काढताना जिथे टेंट येणार तिथे कुणालातरी ट्रेकिंग पोल 120 सेंटीमीटरवर लॉक करून उभा धरायला सांगते आणि तसा एक फोटो वेगळा काढते, मग चढ-उतार कसाही असो, माप तिथेच मिळतं. पोलवर आकडे छापलेले असतात, टेप पण न्यावी लागत नाही.

सावली एका वेळेची, उजेड दुसऱ्या वेळेचा

धारेवर आम्ही सूर्य उगवून पाऊण तास झाल्यावर शूट केलं होतं. डिसेंबरात गोव्यात त्या वेळी सूर्य क्षितिजापासून साधारण 10 अंशांवर असतो, तेव्हा 115 सेंटीमीटरच्या टेंटची सावली सपाट जमिनीवर साडेसहा मीटर लांब पडते. साडेसहा मीटर! आमच्या अंगणातल्या टेंटची सावली जेमतेम टेंटएवढीच होती, कारण तिथे साडेदहा वाजून गेले होते. फोटोतली गवताची पाती पश्चिमेला लांब सावल्या टाकतायत आणि टेंट मात्र गोळा होऊन बसलाय, असं दिसत होतं. सावली एडिटिंगमध्ये ओढून लांब करता येते, पण कापडावरचा उजेड वरून आलेला असतो तो बदलत नाही. कमी उंचीच्या सूर्यात टेंटची पूर्वेची बाजू पेटल्यासारखी उजळते आणि माथ्यावर फारसं ऊन नसतं. तेव्हा वेळ जुळवा, दुसरा इलाज नाही.

ढगाळ हवेचा फोटो असेल तर उलटी चूक होते, लोक सवयीने सावली टाकतात. आभाळ भरलेलं असताना कडक सावली पडतच नाही, फक्त टेंटच्या खालच्या कडेला, सॅक जमिनीला टेकते तिथे, एक काळपट मऊ पट्टी येते. ती पट्टी नसेल तर टेंट तरंगतो.

हवामान महिन्याशी जुळत नाही

गोव्यातल्या माणसाला हे शिकवायला नको, पण स्टॉकमधून आभाळ उचलताना विसरायला होतं. गवत पिवळं आणि मागे धबधबा भरून कोसळतोय, असा महिना आपल्याकडे नाही. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो, हिवाळ्यात पहाटे घाटाकडून म्हणजे पूर्वेकडून येतो आणि दुपारी समुद्राकडून. फोटोत वारा दाखवायचा असेल तर गवत, टेंटचं कापड आणि माणसाचे केस तिन्ही एकाच दिशेला हवेत. वाऱ्याकडची बाजू आत दबते, पलीकडची फुगते. आणि दार वाऱ्याच्या उलट्या बाजूला, कारण धारेवर कुणी शहाणा माणूस वाऱ्याकडे दार करून टेंट लावत नाही.

धुक्याचं एकच बघा. धुक्यात लांबच्या वस्तू फिकट होतात आणि त्यातले काळे रंग आधी करडे होतात. टेंटवरचा सगळ्यात गडद भाग त्याच्या शेजारच्या दगडापेक्षा जास्त काळा असेल तर तो चिकटवलेला दिसणारच. एडिटिंगमध्ये कलर पिकरने आधी त्या दगडाचा सगळ्यात गडद कोपरा मोजा आणि टेंटचा काळा तिथपर्यंत वर आणा. आमच्या फोटोत धुकं खाली म्हादईच्या खोऱ्यात होतं आणि धार मोकळी होती, म्हणून टेंटचा केशरी तसाच ठेवला. तिथे धुक्याचा लेयर टेंटवरून फिरवला असता तर परत चूक झाली असती.

दोऱ्या आणि खुंट्या

हे छोटं वाटतं पण ट्रेकर आधी इथेच बघतात. अंगणात लावलेल्या टेंटच्या दोऱ्या ढिल्या असतात, कारण तिथे वाराच नाही, आणि मग बाहेरच्या कापडाला, म्हणजे फ्लायला, खालच्या कोपऱ्यांत चुण्या पडतात. शूटआधी चारही कोपरे आणि सगळ्या दोऱ्या ताणून घ्या. नायलॉनची फ्लाय असेल तर ती ओली झाल्यावर सैल पडते, नायलॉन पाणी पिऊन ताणतं, म्हणून पावसाचा इफेक्ट द्यायला पाणी मारलं तर दहा-पंधरा मिनिटांनी दोऱ्या परत ओढा. पॉलिएस्टर एवढं सैल होत नाही.

आणि सड्यावर, जिथे वर जांभा दगड उघडा आहे, तिथे खुंटी आत जात नाही. आम्ही आधी फोटोत छान तिरप्या खुंट्या दगडात रोवलेल्या दाखवल्या होत्या, दादाने त्यावर पण बोट ठेवलं. खरा माणूस तिथे दोरी मोठ्या दगडाला गुंडाळतो आणि वर अजून एक दगड ठेवतो. दुसऱ्या वेळी अंगणात चिरे आणून तसंच केलं, दोरी चिऱ्याच्या कडेवर घासू नये म्हणून मध्ये कापडाचा तुकडा घातला, आणि तो तुकडा फोटोत ठेवला, पुसला नाही.

परवानगीचं मात्र आधी बघा, चोर्ल्याच्या आसपासचा बराच भाग म्हादई अभयारण्यात येतो, तिथे शूट करायचं तर वनखात्याला विचारूनच. आम्ही दुसऱ्यांदा वर गेलो ते फक्त पोल धरलेला फोटो काढायला, दादाच उभा राहिला पोल घेऊन, आणि आमचा 560 चा हिशोब तिथे 550 निघाला, कारण ती जागा कॅमेऱ्यापेक्षा थोडी खाली होती.