लांब टेकमध्ये आवाज हळूहळू सरकतोय? सिंक दुरुस्त करताना या चुका टाळा

दीड तासाचं व्याख्यान आहे. कॅमेरा सलग चालू आहे, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलाय. एडिटिंगला बसल्यावर सुरुवातीच्या टाळीवर दोन्ही ट्रॅक जुळवले, पहिली दहा मिनिटं ओठ आणि शब्द बरोबर जुळतात. शेवटाकडे गेलं की वक्त्याचं तोंड मिटल्यावर शब्द ऐकू येतो. अशा वेळी बहुतेकांचा पहिला हात आवाजाची क्लिप थोडी पुढेमागे ढकलण्याकडे जातो, आणि तिथेच पहिली चूक होते. शेवट जुळतो, पण सुरुवात बिघडते.

हे का होतं ते आधी पाहू. कॅमेरा आणि रेकॉर्डर दोघांवरही 48 किलोहर्ट्झ लिहिलेलं असलं, तरी प्रत्येकाच्या आत स्वतःचं क्वार्ट्झचं घड्याळ असतं आणि दोन घड्याळं अगदी एका चालीने चालत नाहीत. एक जण सेकंदाला आवाजाचे 48,000 नमुने घेतो, दुसरा 48,002. हा फरक पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखात किती, असा मोजतात. 1 पीपीएम म्हणजे तासाला 3.6 मिलिसेकंद. साध्या उपकरणांमध्ये वीस-पन्नास पीपीएमचा फरक सहज असतो. पाच मिनिटांच्या टेकमध्ये तो दिसतही नाही, पण दीड तासात साचत जाऊन डोळ्याला खुपायला लागतो.

टाइमकोड लावला की हा प्रश्न सुटतो, असा एक समज आहे. टाइमकोड दोन फाइल्स कुठे सुरू झाल्या एवढं सांगतो. त्यानंतर नमुने किती वेगाने घ्यायचे हे प्रत्येक उपकरणाचं आतलं घड्याळच ठरवतं. टाइमकोडने सुरुवात चोख जुळलेली क्लिपसुद्धा शेवटाला हटू शकते.

दोनच ठिकाणी मोजून दुरुस्तीला लागणं

सर्वात जास्त वेळ वाया जातो तो इथे. सुरुवात जुळते, शेवटी फरक आहे, म्हणून लगेच आवाज ताणला जातो. पण शेवटचा फरक दोन अगदी वेगळ्या कारणांनी आलेला असू शकतो. एकतर तो सुरुवातीपासून सारख्या गतीने वाढत गेलाय, म्हणजे घड्याळाचा दोष. नाहीतर मध्येच कुठेतरी एका झटक्यात आलाय: कॅमेऱ्याने फाइल तोडून नवी सुरू करताना काही फ्रेम गाळल्या, किंवा रेकॉर्डरचं कार्ड क्षणभर अडखळलं. झटक्याच्या फरकावर ताणण्याचा उपाय केला, तर जे जुळत होतं तेही बिघडतं. दोन्हींतला भेद फक्त मधलं तिसरं माप दाखवतं.

मोजण्यासाठी व्हिडिओच्या टाइमलाइनवर विसंबू नका. 25 फ्रेमच्या टाइमलाइनवर एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची असते, त्यामुळे मापच ढोबळ येतं. एफएफएमपेग या मोफत साधनाने कॅमेऱ्यातला आवाज वेगळा काढा:

```
ffmpeg -i cam.mp4 -vn -c:a pcm_s24le cam.wav
```

सर्वसाधारण कॅमेऱ्यात चित्र आणि त्याचा स्वतःचा आवाज एकाच घड्याळावर चालतात, म्हणून हा आवाज चित्राच्या जागी धरता येतो. तो आणि रेकॉर्डरची फाइल ऑडॅसिटीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये एकाखाली एक ठेवा. टाळीचं टोक दिसेपर्यंत झूम करा आणि वेळ मिलिसेकंदांपर्यंत टिपा.

समजा आकडे असे आले. सुरुवातीची टाळी कॅमेऱ्यात 12.340 सेकंदाला, रेकॉर्डरमध्ये 47.815 ला. शेवटची टाळी कॅमेऱ्यात 5412.340 ला, रेकॉर्डरमध्ये 5448.058 ला. दोन टाळ्यांमधलं अंतर कॅमेऱ्यात 5400.000 सेकंद भरलं, रेकॉर्डरमध्ये 5400.243. रेकॉर्डर 243 मिलिसेकंद लांब आहे, म्हणजे सहा फ्रेमहून किंचित जास्त. 0.243 भागिले 5400 केलं की 45 पीपीएम येतात.

आता मधलं माप. टाळी नसेल तर दार आपटल्याचा, टेबलावर पेन पडल्याचा असा कुठलाही तुटक आवाज शोधा. समजा 44 व्या मिनिटाच्या आसपास असा आवाज सापडला आणि तिथे फरक 119 मिलिसेकंद आला. 45 पीपीएमच्या हिशेबाने तिथे तेवढाच यायला हवा, म्हणजे फरक सरळ रेषेत वाढतोय आणि एकाच गुणोत्तराने दुरुस्त होईल. तिथे 0 किंवा थेट 243 दिसला असता, तर ताणायचं नाही. झटका कुठे बसलाय ते अर्ध्याअर्ध्याने शोधत जायचं, तिथे आवाज कापायचा आणि पुढचा भाग नव्याने जुळवायचा.

दोन्ही टाळ्या एकाच जागेवरून वाजवा. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. कॅमेरा 15 मीटर मागे असेल, तर त्याच्या माइकला टाळी 44 मिलिसेकंद उशिरा पोचते, एका फ्रेमपेक्षा जास्त. हा उशीर सुरुवातीला आणि शेवटी सारखाच असेल तर मापातून वजा होऊन जातो. पण पहिली टाळी मंचावर आणि शेवटची कॅमेऱ्याजवळ वाजवली, तर नसलेला फरक मोजला जातो. याच कारणाने वेव्हफॉर्मवरून आपोआप सिंक केलेली क्लिप लांबच्या कॅमेऱ्यात एक फ्रेम मागे राहते, कारण सॉफ्टवेअरने ती चित्राशी नाही, उशिरा पोचलेल्या आवाजाशी जुळवलेली असते. शेवटचा मिलाफ चित्रातल्या हातांवर करा.

एडिटरच्या स्पीडच्या चौकटीत आकडा भरणं

माप बरोबर आलं तरी इथे घात होतो. अनेक एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये क्लिपचा वेग टक्क्यांत, दोन दशांश स्थळांपर्यंतच घेतला जातो. 100 नंतरची पहिली पायरी 100.01 टक्के, म्हणजे 100 पीपीएम. आपल्याला हवेत 45. 100.01 टाकलं की दीड तासात 540 मिलिसेकंद कापले जातात. 243 ने मागे असलेला आवाज आता 297 ने पुढे जातो, आणि पुढे आलेला आवाज मागे पडलेल्यापेक्षा जास्त खटकतो. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या बीटी.1359 या शिफारशीतही माणसाला फरक जाणवण्याची सीमा आवाज पुढे असताना सुमारे 45 मिलिसेकंद आणि मागे असताना 125 मिलिसेकंद दिली आहे.

म्हणून ही दुरुस्ती टाइमलाइनच्या बाहेर, मूळ फाइलवर करणं उत्तम. सॉक्स या मोफत साधनात गुणोत्तर हव्या तेवढ्या दशांशांत देता येतं:

```
sox rec.wav rec_fix.wav speed 1.000045 rate -v 48k
```

गुणोत्तर म्हणजे रेकॉर्डरचं अंतर भागिले कॅमेऱ्याचं अंतर. रेकॉर्डर लांब असेल तर आकडा 1 पेक्षा मोठा येतो आणि फाइल आखूड होते. भागाकार उलटा केला तर शेवटचा फरक 243 वरून जवळपास दुप्पट, 486 होतो. तसा आकडा दिसला की नव्याने मोजत बसू नका, भागाकार फिरवा.

एफएफएमपेगच्या `asetrate` नेही हे जमतं, पण तिथे दर पूर्ण हर्ट्झमध्ये जातो. 48002.16 हवा असताना 48002 मिळतो. आपल्या उदाहरणात शेवटी 18 मिलिसेकंद उरतात, ते चालून जातात. तीन-चार तासांच्या रेकॉर्डिंगला मात्र सॉक्सच बरं.

स्वराची पट्टी बदलेल या भीतीने पिच कायम ठेवण्याचा पर्याय चालू करू नका. 45 पीपीएमने पट्टी सेंटच्या दहाव्या भागाइतकीही हलत नाही, आणि दोन लगतच्या स्वरांमध्ये 100 सेंट असतात. कोणत्याही कानाला हे कळणार नाही. उलट पिच राखणारी प्रक्रिया आवाजाचे बारीक तुकडे करून पुन्हा जोडते, आणि सतार किंवा तबल्यासारख्या वाद्यांत ती जोडणी ऐकू येऊ शकते.

रेकॉर्डरवर चार माइकचे चार ट्रॅक असतील, तर चारही ट्रॅक त्याच गुणोत्तराने फिरवा. एकच फिरवला तर ते आपसात हटतील आणि मिक्समध्ये पोकळ, नळीतून आल्यासारखा आवाज येईल. नव्या फाइलमध्ये मूळचा टाइमकोड राहिलाय असं गृहीत धरू नका, टाळीवरच जुळवा. कॅमेऱ्याचा आवाज शेवटी बंद करायला विसरू नका, कारण काही मिलिसेकंदांचा उरलेला फरकही दोन्ही आवाज एकत्र वाजले की घुमतो.

फरकाचा आकार न पाहता तोच उपाय लावणं

फरक तासाला सेकंदांच्या घरात असेल, तर दोष क्वार्ट्झचा नाही. तासाला 3.6 सेकंद दिसले तर 23.976 ची क्लिप 24 म्हणून, किंवा 29.97 ची 30 म्हणून वाचली जातेय. तिथे आवाजाला हात लावू नका, क्लिपचा फ्रेमरेट बरोबर सांगा. तासाला पाच मिनिटांच्या आसपास फरक आणि पट्टीही बदललेली असेल, तर 44.1 आणि 48 किलोहर्ट्झची गल्लत आहे.

मोबाइलवर घेतलेल्या चित्रात फरक कधी वाढतो, कधी घटतो. कारण फोन बऱ्याचदा फ्रेमरेट स्थिर ठेवत नाही. फाइलची माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फोमध्ये `Frame rate mode: Variable` दिसलं, तर आधी स्थिर फ्रेमरेटची प्रत बनवा:

```
ffmpeg -i phone.mp4 -vf fps=30 -c:v libx264 -crf 16 -c:a copy phone_cfr.mp4
```

ती प्रत टाइमलाइनवर घ्या आणि फरक उरला तरच मोजा. बऱ्याचदा अर्धा प्रश्न इथेच मिटतो.

घाईत असाल तेव्हा

भाषण किंवा मुलाखत असेल आणि फाइल पुन्हा बनवायला वेळ नसेल, तर शांत जागी कापूनही काम भागतं. 45 पीपीएमला सुमारे 14 मिनिटं 49 सेकंदांत एक फ्रेम साचते. पूर्ण फ्रेम साचेपर्यंत थांबू नका. पहिला काप साडेसात मिनिटांच्या आसपास, वाक्यांमधल्या शांततेत घ्या, तिथून 40 मिलिसेकंद काढा आणि जोडावर छोटा क्रॉसफेड द्या. मग दर पंधरा मिनिटांच्या सुमारास तेच. दीड तासात सहा काप होतात आणि फरक साधारण अर्ध्या फ्रेमच्या आत राहतो. रेकॉर्डर आखूड असेल तर 40 मिलिसेकंद काढण्याऐवजी त्याच खोलीतली शांतता घाला. गाण्याच्या मैफलीत हे करू नका. तिथे लयीतली 40 मिलिसेकंदांची उडी लगेच कळते.

पुढच्या शूटला रेकॉर्डरच्या लाइन आउटमधून एक केबल कॅमेऱ्याच्या ऑडिओ इनपुटला द्या आणि कॅमेऱ्यावर लेव्हल लाइनला ठेवा. कॅमेऱ्यात तसा पर्याय नसेल तर मधे पातळी कमी करणारी केबल लावा, नाहीतर आवाज फाटेल. मग कॅमेऱ्यातला आवाजही चांगला मिळतो, तो चित्राच्याच घड्याळावर असतो, आणि अंतरामुळे येणारा उशीरही राहत नाही. साध्या कामाला तोच आवाज थेट वापरता येतो; रेकॉर्डरची फाइल वापरायची झाली, तर तीन ठिकाणांची मापं अगदी नेमकी मिळतात.